विषय क्रमांक नऊ

प्रिय इरा आणि साहिल,

गेल्या रविवारी फोनवर इरा म्हणाली, की तिच्या बिल्डिंगच्या वार्षिक सभेत शेवटी तिला आभार मानायला सांगितले आणि ती "सगळ्यांचे आभार" एवढे म्हणून बसली. तुम्ही दोघे हसलात. मीही हसले, पण फोन ठेवल्यावर मला गजभियेकाका आठवले. ते असते, तर त्यांनी इराला परत उभे केले असते. तुम्ही त्यांना पाहिलेले नाही, आणि त्यांना ओळखणारी माणसे आता फार उरलेली नाहीत. म्हणून लिहिते आहे.

नागपूरच्या आपल्या सोसायटीत अठरा बिऱ्हाडे होती. काका तळमजल्यावर राहत. पोस्टात सॉर्टर होते, नंतर निवृत्त झाले. छप्पन साली त्यांच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा ते तरुण होते. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली इस्त्री केलेला पांढरा शर्ट अडकवलेला, सभेच्या दिवसासाठी. दरवर्षी सभेत आभार तेच मानत, आणि त्याची तयारी आठ दिवस आधी सुरू होई. हातात पोस्टकार्डाएवढे कागद घेऊन ते दारोदार फिरत.

"बाई," ते मला विचारत, "यंदा तुमच्यासाठी कोणं काय केलं ते सांगा."

"काका, तुम्ही काय चौकशी आयोग आहात का?"

"नाव घेतलं तं काम बी सांगा लागते. नुसतं नाव तं मतदार यादीत बी राहते."

ते क्रमही कधी चुकवत नसत. आधी अध्यक्ष, मग समिती, मग हिशेबतपासनीस, मग नोकरमंडळी, शेवटी सभासद. प्रत्येकाचे नाव आणि त्याने केलेले एक काम. पंप जळाला तेव्हा कोणी आपल्या विहिरीची मोटार दिली, कोणाच्या घरून सभेच्या सतरंज्या आल्या. पंपवाला आणि झाडणाऱ्या बाई सभेत दाराशी उभ्या असत. त्यांचे नाव आले की काका थांबत आणि म्हणत, "पुढे या गा, लोकांले दिसू द्या." शेवटी ते हा सगळा ठराव म्हणून मांडत, कोणीतरी अनुमोदन देई, टाळ्या पडत, आणि मगच अध्यक्ष सभा संपल्याचे जाहीर करत. मी तेव्हा चिटणीस होते. इतिवृत्त लिहिताना हे आभारच सर्वांत लांब होत, म्हणून मी मनातल्या मनात वैतागत असे.

सत्तरचे दशक संपत आले होते, त्या वर्षीची गोष्ट. जनाबाई आमच्याकडे जिने आणि आवार झाडत. त्यांची मुलगी भिवापूरला बाळंत झाली, म्हणून त्या तेरा दिवस गेल्या. न सांगता गेल्या असे आम्हाला वाटले. हजेरीपट माझ्याकडे होता. मी तेरा दिवस शिस्तीत लाल शाईने "गैरहजर" लिहिले. अध्यक्ष देशकरांनी समितीत विषय काढला, आणि महिनाअखेर जनाबाईंना कामावरून कमी करायचे ठरले. मीही हात वर केला. जनाबाई विधवा होत्या, घर त्यांच्या एकटीच्या कामावर चाले. हे मला ठाऊक होते, पण लाल शाई माझीच होती, आणि नियम म्हणजे नियम असे मी तेव्हा मानत असे.

सभा रविवारी सकाळी गच्चीवर होती. दहा वाजता गणपूर्ती नव्हती, म्हणून अध्यक्षांनी अर्धा तास तहकूब केली. साडेदहाला जमले तेवढ्यांत सुरू झाली. मागचे इतिवृत्त वाचून कायम झाले, अहवाल झाला, हिशेब मंजूर झाले. अहवालातच समितीचा जनाबाईंबद्दलचा निर्णय मी वाचून दाखवला. काका लगेच उठले.

"अध्यक्षमहाराज, त्या बाईले काहून काढून राहिले?"

"गजभिये, नोकर ठेवणं-काढणं समितीचं काम आहे. आणि हा विषय पत्रिकेवर नाही. लेखी सूचना दिली होती का तुम्ही?"

"नाही."

"मग बसा."

काका बसले. नियमाने देशकरांचे बरोबरच होते. दाराशी जनाबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

शेवटी विषय क्रमांक नऊ आला, आभारप्रदर्शन. काका उठले. चष्मा पुसला. अध्यक्षांचे आभार मानले, पाण्याच्या टंचाईत महानगरपालिकेत चार हेलपाटे घातल्याबद्दल. देशकरांनी मान डोलावली. समितीचे मानले, माझे मानले, हिशेबतपासनीसांचे मानले. मग नोकरमंडळींवर आले. पंपवाल्याचे झाले, आणि त्यांनी दुसरा कागद काढला.

"जनाबाईंचे आभार. पावसाळ्यात मागची नाली तुंबली तेव्हा त्यांनी हाताने मोकळी केली. आणि त्यांच्या जाऊबाई सीताबाई यांचे आभार. जनाबाई भिवापूरले गेल्या, ते तेरा दिवस रोज पहाटे सीताबाईनं चारही जिने झाडले. सीताबाईचं नाव हजेरीत नाही. पण एक बी दिवस जिना घाण होता काय, कोणीबी सांगावं."

मी आठवून पाहिले. जिना रोज झाडलेला होता. मी रोज त्यावरून शाळेत शिकवायला गेले होते. झाडणारी बाई वेगळी आहे, हे मला दिसलेच नव्हते.

"गजभिये, हे आभार आहेत का उलटतपासणी?" देशकर म्हणाले.

"आभारच हायेत, साहेब. दारोदार विचारलं, तसं पंपावर बी विचारलं. मले जे कळलं ते सांगून राहिलो." मग ते सभेकडे वळले. "हा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देते?"

एरवी चार आवाज एकदम येत. त्या दिवशी एकही आला नाही. अनुमोदन म्हणजे समितीचा निर्णय चुकला असे मान्य करणे, हे सगळ्यांना कळले होते. काका कागद हातात धरून उभेच राहिले. जनाबाईंनी बोटाला गुंडाळलेले पदराचे टोक सोडले होते.

मी उठले. "अनुमोदन माझं," मी म्हणाले, "आणि हजेरीतली चूकही माझी."

"तुम्ही स्वतःच निर्णय वाचलात ना?" देशकर म्हणाले.

"वाचला. चुकीचा होता."

मग टाळ्या पडल्या, आधी मागून, मग सगळीकडून. देशकरांनी ठराव मंजूर झाल्याचे सांगितले आणि सभा संपवली. पोहे खाताना ते काकांना म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्हाले आभाराले उभं करत नाही बाप्पा." काका म्हणाले, "करू नका. पण नाल्या साफ करणारीले तं ठेवा." देशकर हसले. ते मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांनीही जिन्याकडे कधी पाहिले नव्हते.

त्या रात्री मी इतिवृत्त लिहिले आणि सीताबाईंचे नाव दोनदा तपासले. आठवड्याने समिती भरली. सर्वसाधारण सभेने जिचे आभार मानले, तिला त्याच महिन्यात काढायचे कसे, असा प्रश्न देशकरांनीच विचारला. निर्णय मागे घेतला. मी जनाबाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "मी तं पंपवाल्याजवळ निरोप ठेवला होता वं बाई. तुमच्यापर्यंत पोचला नसन." पंपवाल्याला आम्ही कोणी विचारलेच नव्हते, काका सोडून.

पुढच्या वर्षी आभार मानायला काकांनाच उभे केले. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते. त्यांच्या अंत्ययात्रेत जनाबाई आणि सीताबाई शेवटपर्यंत चालल्या. जनाबाई त्यानंतर बरीच वर्षे कामावर होत्या, आणि गुडघे दुखू लागल्यावर स्वतःच्या मर्जीने थांबल्या.

काका गेले त्या वर्षीच्या सभेत मी एक ठराव मांडला, या वेळी लेखी सूचना देऊन. कोणाही नोकराला कामावरून काढण्याआधी समितीने त्याला समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकावे. देशकरांनी अनुमोदन दिले. समित्या बदलल्या, जुनी बिऱ्हाडे गेली, नवी आली. तो ठराव अजून लागू आहे.

तुमची आजी