एकाच चिठ्ठीत सगळी पोरं

नगरच्या आमच्या ऑफिसात सर पुण्याहून आले ते अक्कल तिकडेच ठेवून. एका संस्थेसाठी अंगणवाडीचं अ‍ॅप करायचं होतं: मुलांची वजनं आणि फोटो फोनमध्येच साठवायचे, रेंज आली की सर्व्हरला पाठवायचे. मी म्हणाले, डेटाबेस घेऊ. सर हसले.

"एवढ्याशा यादीला डेटाबेस? प्रेफरन्सेसमध्ये टाक. दहा मिनिटांचं काम."

प्रेफरन्सेस म्हणजे अ‍ॅपचा खिसा. भाषा कुठली, अक्षर केवढं, असल्या चार चिल्लर गोष्टी तिथे ठेवाव्यात. सरांनी त्यात अख्खी यादी एकच लांबलचक चिठ्ठी करून कोंबायला लावली. एक नवं वजन भरायचं तरी सगळी चिठ्ठी वाचायची आणि सगळी पुन्हा लिहायची. फोटो तेवढे मी हट्टाने वेगळ्या फाइलींत ठेवले. बाकी मुकाट्याने केलं, कारण वाद घातला की सर पुण्याच्या गोष्टी सुरू करत.

ऑफिसात पाच खोट्या मुलांवर अ‍ॅप झकास चाललं. सरांनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

मग राजूरजवळच्या एका वाडीवरून अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला. "मॅडम, सकाळी भरलेली वजनं दिसंनात. सुपरवायझर बाई अ‍ॅपच बघत्यात. म्हनत्यात, तू वजनं केलीच न्हाईस."

मी तोऱ्यात सांगितलं, "ताई, सेव्ह दाबायचं राहिलं असेल." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच सांगितलं, आवाज चढवून. नंतर त्यांना कामावरून का काढू नये अशी नोटीस आली, तेव्हा कुठे मी राजूरची एसटी धरली.

अंगणवाडीच्या ओट्यावर बसून पाहिलं. रेंज नसेपर्यंत सगळं ठीक. रेंज आली की अ‍ॅप मागच्या मागे चिठ्ठीची प्रत घेऊन पाठवायला लागे. तोवर ताई नवी वजनं भरत. पाठवून झालं की 'पोचलं' अशा खुणा करून अ‍ॅप ती जुनी प्रतच चिठ्ठीच्या जागी लिहून टाकी, आणि मधल्या वेळात भरलेली पोरं पुसली जात. माझ्या डोळ्यांसमोर चार गेली. त्यांतल्या एका मुलीचं वजन घटलं होतं.

मी सगळं समजावून सांगितलं. आता डेटाबेस घालते म्हणाले, प्रत्येक वजनाची वेगळी ओळ आणि खूण त्या ओळीपुरतीच.

ताईंनी पेटीतून रजिस्टर काढलं. प्रत्येक मुलाला एक पान. "एका पोराचं वजन लिवायला आमी बाकीची पानं फाडून नव्यानं लिवत न्हाई. येवढं शिकून तुमाला ह्ये सुचलं न्हाई?"

"सरांनी सांगितलं होतं," मी म्हणाले.

"आन् फोनवर 'सेव्ह दाबायचं राहिलं' म्हनत हुतं, ते बी सरच का?"

नोटिशीचं उत्तर मी तिथेच बसून लिहिलं. 'चूक अ‍ॅपची आहे' असं आधी लिहिलं. मग 'अ‍ॅपची' खोडून 'माझी' लिहिलं आणि खाली सही केली.