पाळण्याच्या पेटीतले पांढरे चाक

कचरूअण्णांशी बोलायचे तर त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहावे लागे. डावा कान जवळजवळ गेलेला, उजव्यातही बारीक, तीक्ष्ण आवाज शिरत नसत. तरुणपणी त्यांनी जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये लाल सळ्यांच्या शेजारी वर्षानुवर्षे पाळ्या केल्या, आणि मिलने पगाराबरोबर हेही दिले. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी त्याच एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला एक गाळा भाड्याने घेतला. एक लेथ, एक दाते कापायचे जुने मशीन आणि पत्र्याचे छत. राहणे मात्र बदनापूरलाच; रोज मोटारसायकलने ये-जा.

असा माणूस बिनआवाजाच्या पाळण्याची गिअरपेटी बनवतो, याची लोकांना मोठी गंमत वाटे. अण्णांना वाटत नसे. "आवाजानं माझं काय केलं ते मला माहीत, म्हणूनच बनवून राह्यलो," ते म्हणत, आणि समोरच्याचे हसू पुसले जाईपर्यंत त्याच्याकडे बघत.

पाळणा होता हरिओमचा. हरिओम म्हणजे जालन्यातला फर्निचरवाला, चाळिशीतला, बोलण्यात गोड आणि घाईत कायम. विजेवर हलणारा पाळणा त्याने काढायला घेतला. लोखंडी स्टँड, वरच्या आडव्या दांड्यावर मोटार आणि गिअरची पेटी, तिच्यातून निघालेला एक हात पाळण्याला झोका देतो. तो पहिल्यांदा गाळ्यात आला तेव्हा एकच सांगून गेला होता, "सगळं स्टीलचं टाका, अण्णा. जालन्यात राहून प्लास्टिक विकलं तर लोक तोंडात शेण घालतील."

अण्णांनी ऐकले नाही; ते कोणाचे सहसा ऐकतच नसत. त्यांनी प्रत्येक जागेचे काम बघून माल निवडला. मोटारीच्या दांडीवरचे लहान दातेरी चाक स्टीलचे, घासून गुळगुळीत केलेले. ते सगळ्यात वेगाने फिरते आणि खरा आवाज तिथेच होतो, म्हणून त्याच्याशी जुळणारे मोठे चाक नायलॉनचे. नायलॉन जरासे दबते, धक्का पोटात घेते, टणटणत नाही. दोन्ही नायलॉनची का नाहीत, तर नायलॉनवर नायलॉन घासले की तापते आणि ती उष्णता जायला वाट नसते. एक तरी धातूचे हवे. शेवटच्या जोडीवर मात्र बाळाचे वजन आणि झोक्याचा हिसका येतो. तिथे नायलॉनचे दाते सोलून निघाले असते. म्हणून तिथे स्टीलच्या लहान चाकाला पितळेचे मोठे चाक, ग्रीस लावून. ते इतके हळू फिरते की आवाजाचा प्रश्नच नाही.

पेटी तयार झाली की अण्णा स्क्रूड्रायव्हरचे टोक तिच्यावर टेकवत आणि मूठ कानामागच्या हाडाला लावत. घरघर असेल तर हाडाला कळे. बारीक शीळ मात्र त्यांना ऐकू येत नसे. त्यासाठी मुलगी शालू होती. ती बाळंतपणाला माहेरी आलेली. "अण्णा, जराशी शिट्टी येऊन राह्यली," ती म्हणे, की अण्णा पुन्हा पेटी उघडत आणि चाके एकमेकांत आणखी थोडी घट्ट बसवत. दात्यांत जितकी कमी मोकळीक, तितकी खडखड कमी. शेवटी पेटी अशी चालली, की शालूला हात लावून बघावे लागले सुरू आहे की बंद. हरिओम खूश झाला, चैत्र-वैशाखात पाळणे विकलेही.

आषाढ उलटून गेला आणि एका सकाळी हरिओम टेम्पोतून गाळ्यावर उतरला. मागे बंद पडलेले पाळणे.

"अण्णा, सगळे अडकले! मोटार नुसती हुंकारते, पाळणा हलत न्हाई."

"बसवताना तुझ्या पोरांनी वाकडंतिकडं पिळलं असंल."

"एक न्हाई, दोन न्हाई, सगळ्यांनी सारखंच पिळलं का? ते प्लास्टिक नडलं. म्हणलं होतं मी. पण तुमच्या कानात काही जाईल तर ना!"

शेवटचे वाक्य त्याने डाव्या बाजूला जाऊन, हळू म्हटले होते. पण अण्णांनी ते ओठांवरून वाचले. मिलमध्ये सगळे ओठच वाचतात.

"बहिरा म्हण ना तोंडावर! चार महिने माझ्याच पेट्यांवर 'आवाज न्हाई, आवाज न्हाई' करत पाळणे खपवले, तेव्हा नव्हतो का बहिरा?"

"मी दुसरीकडून अख्खं स्टीलचं बनवून घेतलंय. परवा घरी आणून दाखवतो. मंग बोला."

हरिओम गेला. अण्णांचा राग मात्र गेला नाही. दुपारचा डबा तसाच राहिला. नायलॉन नडले हे त्यांना पटेना. त्या चाकावर भार तो काय? त्यांनी एक पेटी उघडली. मोठे चाक बोटाने फिरेना. दाते शाबूत होते, झिजले नव्हते, तापून वितळलेही नव्हते. फक्त घट्ट झाले होते. व्हर्नियर, म्हणजे मापाचा चिमटा, लावला तर चाक, जे त्यांनी स्वतः मापाला कापले होते, केसभर मोठे भरले. चाक वाढते का कधी?

संध्याकाळी घरी आले, तर घरचा, शालूच्या बाळाचा पाळणाही थांबलेला. चतुराबाई, त्यांची बायको, हाताने झोका देत होत्या. स्टँडच्या वरच्या दांड्यावर, बरोबर गिअरपेटीवर, बाळाचे ओले लंगोट ओळीने वाळत होते.

"हे काय इथं?"

"पावसात वाळत न्हाईत बाहेर. हा दांडा उंच, वरून पंख्याचा वारा. समद्याच बायका इथंच टाकतात."

"पेटीवर पाणी ठिबकतंय की!"

"मंग पोराला ओलं ठिवू का? पेटी कोरडी ठिवायची होती, तर देव्हाऱ्यात ठिवायची!"

अण्णांनी पेटीवरचा ओघळ बोटाने पुसला. नायलॉन पाणी पिते हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. मिलच्या दुरुस्ती खात्यात नायलॉनचे बुश, म्हणजे दांडीभोवतीच्या कड्या, पावसाळ्यात दांडीला आवळत, हे त्यांनी पाहिलेले होते. पण चाकांसाठी आणलेले नायलॉनचे दांडके उन्हाळ्यात तापल्या पत्र्याखाली पडून वाळून खडंग झालेले. त्यातून चाके कापली, वर शांततेच्या हव्यासापायी मोकळीकच ठेवली नाही. त्यावर सर्द हवा आणि ओले लंगोट. चाक फुगले आणि दात्यांत दाते रुतून बसले.

हे कळल्यावर राग दुप्पट झाला. अर्धा स्वतःवर, आणि अर्धा हरिओमवर, कारण त्याचे म्हणणे अर्धे खरे निघाले होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा गाळ्यावर गेले ते लगेच घरी परतले. नायलॉनच्या चकत्या ओबडधोबड कापून आणलेल्या होत्या. त्या त्यांनी चतुराबाईंच्या भाताच्या पातेल्यात उकळत टाकल्या.

"आवो, डोकं फिरलं का? त्यात भात होतो माझा!"

"आधीच पाणी पाजतो त्येला. फुगायचं तेवढं आता फुगू दे. मंग माप घेऊन दाते कापतो. पुन्हा फुगायला जागाच न्हाई राहणार."

"आन् मी भात कशात करू? तुमच्या पेटीत?"

चकत्या दुपारभर उकळल्या, रात्रभर गार झाल्या. मग अण्णांनी त्या पहाटेच गाळ्यात नेऊन लेथवर मापाला आणल्या, दाते कापले, आणि या वेळी चाके बसवताना मुद्दाम थोडी मोकळीक सोडली. उन्हाळ्यात चाक आकसले तर किंचित खुळखुळेल, पण अडकणार नाही. पेटी घरी आणल्यावर शालूने कान लावला. "पहिल्यापेक्षा जरा येतो आवाज. पण सोन्या झोपंल त्यात."

हरिओम ठरल्याप्रमाणे आपली स्टीलची पेटी घेऊन बदनापूरला आला. बाळ शालूच्या मांडीवर नुकतेच झोपलेले. त्याला पाळण्यात ठेवले आणि हरिओमने बटण दाबले. शालूने ताबडतोब दोन्ही हात कानांवर नेले. पेटीवर पत्र्याचे झाकण होते आणि आतली कर्रकर्र त्या झाकणाने ढोलासारखी वाढवून बाहेर टाकली. बाळाने दोन्ही हात झटकले आणि टाहो फोडला.

"बंद कर रे!" चतुराबाई ओरडल्या. "पिठाची गिरणी आणली का घरात?"

"अडकत तर न्हाई ना, मावशी," हरिओम पुटपुटला.

अण्णांनी ती उतरवून आपली पेटी चढवली. वर भिजवलेले लंगोट टाकले. पाळणा हलू लागला. बाळ हुंदके देत देत शांत झाले, आणि हरिओम पेटीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. तुमचंच घेतो. बदलून द्या सगळे. फक्त एक आहे, अण्णा. खोक्यावर मी 'संपूर्ण स्टील गिअर' छापून राह्यलो. गिऱ्हाइकाला तेवढाच शब्द कळतो."

अण्णांना वाटले, आपण चुकीचे वाचले. त्यांनी त्याला पुन्हा म्हणायला लावले. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"मी काय चोरी केली? नायलॉन म्हणजे पाप आहे का? जिथं लागतं तिथं स्टील आहे, जिथं लागतं तिथं पितळ आहे. ज्या चाकामुळं तुझा पाळणा गप चालतो, त्याचंच नाव तू खोक्यावरून पुसणार?"

"धंदा आहे, अण्णा. कोण उघडून बघतंय?"

अण्णांनी हरिओमच्या पेटीच्या पत्र्याच्या झाकणावर बोटाने टकटक केले. "शुक्रवारी ने," एवढेच म्हणाले. हरिओमला वाटले, म्हातारा मानला.

शुक्रवारी पेट्या मिळाल्या तेव्हा त्यांना पत्र्याची झाकणे नव्हती. जाड, आरपार दिसणाऱ्या ॲक्रिलिकची झाकणे होती, खाली रबराची पट्टी लावून. आत पितळ पिवळे चमकत होते आणि त्याच्या शेजारी पांढरे शुभ्र नायलॉनचे चाक, आंधळ्यालाही दिसेल असे.

"हे काय, अण्णा?"

"पत्रा वाजतो. तूच ऐकलंस परवा," अण्णा म्हणाले. ते खरेही होते. "आता छाप खोक्यावर काय छापायचं ते."

अण्णा त्याच्याबरोबर टेम्पोत बसून दुकानापर्यंत गेले. तिथे नवी पेटी चढवलेला पाळणा, आपल्या सासूला घेऊन आलेली एक बाई बघू लागली. तिने झाकणावर बोट ठेवले. "हे पांढरं काय हो?"

हरिओमने अण्णांकडे पाहिले. अण्णा गल्ल्याशेजारी, उजवा कान त्याच्याकडे करून उभे होते.

"ते... नायलॉनचं आहे, ताई. आवाज होऊ नये म्हणून."

"अडकत तर न्हाई ना लंगोट वाळत घातल्यावर? माझ्या जावेचा अडकला होता."

"न्हाई. आता न्हाई अडकत."

"मंग द्या," ती म्हणाली आणि सासूकडे वळली.

एवढेच. अण्णांना आणखीच संताप आला. ज्या गोष्टीवरून घर डोक्यावर घेतले, पातेले काळे केले, बहिरा म्हणून ऐकून घेतले, ती त्या बाईने दोन प्रश्नांत मिटवली. हरिओमने चहा मागवला. अण्णांनी कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. "खोकी आधी बदल," ते म्हणाले, "मंग चहा." आणि 'संपूर्ण स्टील गिअर' छापलेली खोकी परत पाठवायला टेम्पोत चढेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.