मेरुशेबाईंचं टेबल

मेरुशे मूळची दक्षिणेकडची, पेर्मेतची. तिकडची माणसं हळू बोलतात, आणि ही तर त्यांच्यातही हळू. राजधानीजवळच्या कामझाच्या आमच्या शाळेत चौथीच्या दोन तुकड्या. एक तिची, एक माझी, मध्ये पातळ भिंत. माझ्या वर्गातून माझा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. तिच्या वर्गातून खुर्च्या सरकल्याचे आवाज यायचे, पोरांची कुजबूज यायची, पण तिचा आवाज कधी म्हणून आला नाही. चाळीस पोरं, आणि बाई ओरडत नाही. मला तर सुरुवातीला वाटायचं, ही शिकवते तरी का.

तिचा नवरा बस चालवायचा. मुलगा इटलीत होता. घरी चीजच्या रिकाम्या डब्यांत तिने जिरेनियम लावलेले होते आणि त्यांच्याशीही ती हळूच बोलायची, हे मी स्वतः पाहिलंय. साखर न घालता कॉफी प्यायची. बायका तिला साधी समजायच्या. साधी कसली, महा हट्टी होती.

कामझा म्हणजे कुठून कुठून आलेल्या लोकांचा गाव. कोणी कुकेसचं, कोणी दिब्रचं, कोणी डोंगरातल्या शेवटच्या वाडीवरचं. त्यामुळे एकाच रांगेत औषधवाल्याचा क्लेविस, जो दुसरीतच वर्तमानपत्र वाचायचा, आणि त्याच्या शेजारी वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरणारं पोर. मी काय करायचे, तर मधल्यांना धरून शिकवायचे. पुढचे कंटाळायचे, मागचे बुडायचे. पण धडा संपायचा.

मेरुशेला ते पटायचं नाही. कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आली आणि सप्टेंबरमध्ये तिने वर्गाचे तीन गट केले. हुशारांचा गट गरुड, मधल्यांचा पाकोळी, आणि उरलेल्यांचा चिमणी.

मी म्हटलं, "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आपल्या झेंड्यावर गरुड, नाण्यावर गरुड, लग्नात हात पसरून नाचतात तोही गरुड. आणि तू अर्ध्या वर्गाला सांगतेस, तुम्ही गरुड नाही?"

"मुलांना पक्षी आवडतात गं," ती म्हणाली.

झालं. आठवडाही गेला नाही, मधल्या सुट्टीत गरुड चिमण्यांच्या मागे चिवचिव करत धावायला लागले. आणि चिमण्यांनी तर हातच टेकले. चिमणीला काय येणार, म्हणून सोपी गणितंही करेनात.

त्याच सुमारास म्रिका आली. दुकाज्जिनच्या डोंगरातून, बाप प्रेंग याच्याबरोबर. तो बांधकामावर गवंडी. पोरीची आधीची शाळा म्हणजे पाच इयत्तांना एक खोली, आणि बर्फ पडलं की तीही बंद. वय दहा, पण वाचन दुसरीचं. हेडमास्तर फातोस म्हणाले, "दुसरीत बसवू."

प्रेंग दारातच उभा होता, टोपी हातात. म्हणाला, "पोरगी दहा वर्षांची आहे. बारक्या पोरांत बसणार नाही. तसं असेल तर घरी बसेल, तिच्या आईला मदत होईल."

आवाज चढवला नाही, पण खरं बोलत होता. आमच्याकडे अशा घरी बसलेल्या पोरी मी मोजायचं सोडून दिलंय. मेरुशे म्हणाली, "माझ्या वर्गात द्या." हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. नवीन वर्षाच्या सुट्टीपर्यंत बघू म्हणाले, तोवर झेपलं नाही तर दुसरी.

आणि चौथ्या दिवशी प्रेंग परत आला. "बाई, माझी मुलगी चिमणी आहे असं कळलं."

मेरुशे म्हणाली, "चूक माझी झाली. उद्यापासून पक्षी नाहीत."

खरंच दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे पक्षी गेले. मला वाटलं, चला, नाद सुटला. कसला सुटतो. तिने गटांची नावं सोडली, मुलं वेगवेगळी आहेत हे सोडलं नाही.

नवीन धडा सुरू करायच्या आधी ती दोन-तीन प्रश्न विचारायची, कोणाला आधीच काय येतं ते बघायला. मग पहिली दहा मिनिटं सगळे एकत्र. अपूर्णांक असतील तर सगळ्या चाळीस जणांना एकच गोष्ट कळायला हवी, की वाटे सारखे हवेत, आणि वाटे जास्त तर वाटा लहान. तिथे सवलत नाही. पण तिथपर्यंत जायच्या वाटा निराळ्या. कोणी कागदाच्या पट्ट्या दुमडायचे. कोणी ब्युरेकचं, म्हणजे चीज भरलेल्या पोळीचं, ताट कागदावर काढून त्याचे काप करायचे. ज्यांना ते येत होतं, त्यांना एकाने तिसरा हिस्सा खाल्ला, दुसऱ्याने सहावा, तर उरलं किती, असलं काहीतरी. अडलं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं, मग भिंतीवरच्या नमुन्यात बघायचं, मगच बाईंना. लवकर झालं तर खिडकीतल्या खोक्यातलं कोडं घ्यायचं. तीच गणितं आणखी दहा, असं नाही.

"चाळीस पोरांचे चाळीस धडे काढतेस की काय?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? धडा एकच. दारं तीन."

तेवढ्यात तिला मोकळी वीस मिनिटं मिळायची. मग ती सहा-सात जणांना खुर्च्या घेऊन आपल्या टेबलाशी बोलवायची आणि त्यांच्याबरोबर बसायची. तास संपताना सगळ्यांना एक प्रश्न, उत्तर कागदाच्या कपट्यावर. ते कपटे ती कॉफी पिताना तीन ढिगांत टाकायची. जमलं, अर्धं जमलं, नाही जमलं. उद्या टेबलाशी कोण, ते त्यावरून. गट रोज मोडायचे, रोज नवे व्हायचे.

सुरळीत झालं असं मात्र नाही. मधेच तिने क्लेविसला इतरांना शिकवायला बसवलं, तर त्याची आई तणतणत आली. "माझा मुलगा इथे शिकायला येतो की तुमचा मदतनीस म्हणून?" त्या आईचं बरोबर होतं, मला ती आवडत नाही तरी. मेरुशेने ऐकलं आणि क्लेविसला अवघड कामाला लावलं.

म्रिका मात्र रोज टेबलाशी. पहिले कित्येक आठवडे रोज. बापाने घरी विचारलं, वर्गात कुठे बसतेस? ती म्हणाली, बाईंच्या टेबलाशी, बाई रोज बोलावतात.

आता डोंगरातल्या घरात चुलीजवळची जागा पाहुण्याची असते, मानाची. प्रेंगने तेच धरलं. आपण लांबून आलो, म्हणून बाई आपल्या पोरीला मानाने जवळ बसवतात. कॉफीच्या दुकानात त्याने चारचौघांत सांगितलं. गल्लीत मला भेटला तर म्हणाला, "तुमच्या मेरुशेबाईंना रीत कळते."

मी मेरुशेला म्हटलं, "त्याला सांगून टाक बाई, ते टेबल कशाचं आहे. उद्या कळलं तर अंगावर येईल."

"मी त्याला काही खोटं सांगितलेलं नाही."

"खरंही सांगितलेलं नाहीस."

"सांगितलं तर तो तिला नेईल," ती म्हणाली, आणि कपटे लावत बसली.

डिसेंबरात हेडमास्तर तासाला येऊन बसले. म्रिका पट्टी दुमडून दाखवत होती, चौथा हिस्सा आठव्यापेक्षा मोठा का ते. वाचताना अजून अडखळत होती, पण मागे पडलेल्या पोरासारखी गप्प नव्हती. बाहेर येऊन ते म्हणाले, "राहू दे चौथीत." माझा जीव भांड्यात पडला.

आणि त्याच आठवड्यात एक दिवस म्रिकाच्या कपट्यावरचं उत्तर बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी मेरुशेने तिला टेबलाशी बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

प्रेंग शाळा सुटायच्या वेळी आला. अंगावर चुना तसाच. आम्ही दोघी व्हरांड्यात होतो, म्रिका दप्तर घेऊन दाराशी.

"बाई, माझ्या मुलीला टेबलावरून का उठवलं? कोणी काही बोललं का आमच्याबद्दल? तिच्या जागी त्या औषधवाल्याचा मुलगा बसतो म्हणे."

मी मेरुशेकडे बघितलं. आता खोटं बोलणं सोपं होतं. मी बोलले असते, सरळ सांगते.

ती म्हणाली, "प्रेंग, ते मानाचं टेबल नाही. ज्याला जे जमत नाही, ते तो तिथे बसून माझ्याबरोबर करतो. म्रिकाला आता हे जमतं, म्हणून बोलावलं नाही. क्लेविसला उत्तर येतं, पण कसं आलं ते सांगता येत नाही, म्हणून तो बसला."

प्रेंगने म्रिकाकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे इतके दिवस तिला जमत नव्हतं."

"हो."

"आणि मी दुकानात बसून सांगत होतो."

"हो. मला कळलं होतं."

"ऑक्टोबरात सांगितलं असतंत, तर मी तिला नेली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं," मेरुशे म्हणाली. तिचा आवाज तेवढाच हळू होता.

तो म्रिकाचा हात धरून निघून गेला. नमस्कार केला नाही. आमच्याकडे शत्रूलाही नमस्कार करतात. मेरुशे पायरीवर बसली आणि रडली. मला राग आला, त्याचा, तिचा, कोणाकोणाचा. म्हटलं, "कशाला खरं बोललीस आता? आणखी चार महिने चाललं असतं." ती म्हणाली, "उद्या तिला पुन्हा बोलवावं लागलं असतं, तेव्हा तिला काय सांगितलं असतं?"

सकाळी घंटा झाली, म्रिका नव्हती. माझ्या वर्गाला मी उतारा लिहायला दिला आणि भिंतीला कान लावला. लावला, त्यात काय. मग राहवेना, तर तिच्या वर्गाच्या दाराशीच जाऊन उभी राहिले.

बापलेक उशिरा आले. पोरगी वर्गात गेली. प्रेंग खिडकीबाहेर थांबला, टोपी घालून. माझ्याकडे बघितलंही नाही.

त्या दिवशी नवीनच काही होतं, शाब्दिक उदाहरणं, दोन-दोन पायऱ्यांची. दहा मिनिटं सगळ्यांबरोबर झाली आणि मुलं कामाला लागली. मेरुशेने टेबलाशी चौघांची नावं घेतली. म्रिकाचं घेतलं नाही. तिची हिंमत झाली नसेल, बाप समोर उभा. मला खात्री आहे, नाहीच झाली.

म्रिकाने उदाहरण वाचलं. परत वाचलं. शेजारणीला विचारलं, मग उठून भिंतीवरचा नमुना बघून आली. मग तिने आपली खुर्ची उचलली, सगळ्या वर्गातून सरळ पुढे नेली, टेबलाशी ठेवली आणि बसली.

"बाई, मला हे येत नाहीये," ती म्हणाली. अगदी मोठ्याने, डोंगरातली पोर, हळू बोलायची तिला सवयच नाही.

मेरुशे खिडकीकडे बघायला लागली. प्रेंगने टोपी काढली, तिला मान लववून नमस्कार केला, आणि कामावर गेला.