आडवं पडलं की

आमच्या दाजींना साईटवर सगळे 'घार' म्हणतात. उंच क्रेनच्या केबिनमध्ये एकदा जाऊन बसले की घारीसारखे खालचं सगळं बघत असतात. कोण टोपी काढून उभा आहे, कोण सळयांच्या आडोशाला विडी ओढतोय, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी त्यांचा मेव्हणा, आणि खाली उभं राहून त्यांना इशारे देणं हे माझं काम. वॉकीटॉकीवर मी 'डावीकडे' म्हणालो की डावीकडे, 'हळू' म्हणालो की हळू. घरी ते माझं एक ऐकत नाहीत. साईटवर मात्र दिवसभर माझ्याच शब्दावर चालतात, हे मी ताईला अधूनमधून ऐकवतो.

माणूस शिस्तीचा. एवढी वर्षं क्रेन चालवून एकदाही कुणाला खरचटलेलं नाही. पाण्याची भरलेली टाकी ते अशी टेकवतात की आतलं पाणी हलत नाही. पण या शिस्तीत एक खूळ बसलेलं आहे. सकाळी शिडी चढले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरायचं नाही. उतरायचं म्हणजे सगळी साईट थांबणार, मुकादम तोंड वाजवणार. वर लघवीची सोय नाही. मग उपाय काय, तर पाणीच प्यायचं नाही! चहासुद्धा सकाळी नको. दुसरे क्रेनवाले दोन बाटल्या घेऊन जातात, एक प्यायची आणि एक रिकामी. दाजींना ते कमीपणाचं वाटतं. उन्हात पत्र्याच्या केबिनमध्ये भाजून निघतात, ओठ सुकून पांढरे पडतात, पण उतरायचं नाव नाही. मला त्यांच्या या हट्टाचा पहिल्यापासून राग आहे.

संध्याकाळी घरी आले की डोकं ठणकत असायचं. मग ताईच्या मागे लागून कडक चहा, एकामागून एक. सिमेंटच्या धुळीने नाक कायम चोंदलेलं, म्हणून औषधाच्या दुकानातून कुणालाही न विचारता आणलेली नाक मोकळं करायची गोळी. वर पोटभर जेवण, आणि लगेच अंथरूण.

आणि आडवं पडलं की धडधड.

हे मला ताईकडून कळलं. दुपारी डबा द्यायच्या निमित्ताने साईटच्या फाटकाशी आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, त्यांची छाती रात्री अशी उडते ना, की मला शेजारी पडून ऐकू येतं. डाव्या कुशीवर वळले की जास्त. उठून बसतात, फेऱ्या मारतात, परत पडतात. उशी बदलून झाली, पलंगाची दिशा बदलून झाली. आता खुर्चीत बसून झोपतात."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"मी बोलले की खेकसतात. म्हणतात, हृदयाचं कागदावर आलं की मला खाली उतरवतील."

तिथेच सगळं अडलेलं होतं. दरवर्षी त्यांची तपासणी होते. ते खुर्चीत ताठ बसतात, नाडी शांत, दाब व्यवस्थित, शिक्का बसतो. रात्री अंथरुणात काय होतं ते कुणी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. केबिन गेली तर काय राहिलं, असं त्यांना वाटत होतं. ताईला नवरा जाईल अशी भीती होती. मला दोन्हींची होती. शिवाय ज्याच्या हातात माझ्या डोक्यावरचं ओझं आहे तो माणूस रात्ररात्र जागा असतो, हे मला आत्ता कळत होतं.

मी त्यांना सरळ गाठलं. "दाजी, उद्या सुट्टी आहे. दवाखान्यात चला, नाहीतर मी मुकादमाला जाऊन सांगतो."

"सांग की. चोंबडेपणा तुझ्या रक्तातच आहे."

"तुमच्या रक्तात काय आहे ते तपासून घेऊ, मग माझ्या बघू."

शिव्या घालत आले, पण आले.

दवाखान्यात डॉक्टरबाई पिकल्या केसांच्या, शांत. दाजी खुर्चीच्या टोकावर बसले, टोपी मांडीवर, गुडघा सारखा हलत होता. ताई त्यांच्या बाजूला. मी दाराशी उभा राहिलो, कारण बसलो असतो तर मधेच बोललो असतो.

बाईंनी औषध नाही, यंत्र नाही, आधी एक भलतीच गोष्ट सांगितली. "रात्री कशी धडधडते, ते टेबलावर बोटाने वाजवून दाखवा."

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावर तर्जनी आपटायला लागले. ठक ठक ठक, जोरात, पण अगदी एकसारखं. एकही ठोका इकडचा तिकडे नाही. या माणसाचं बोटही शिस्तीचं.

"एकदम सुरू होते की हळूहळू वाढते?"

"हळूहळू. पडलो की जाणवायला लागते. मग मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा होतो आणि पुढचा दाणकन येतो. उठून बसलो की थोड्या वेळाने बसते."

मग बाईंनी दिवसभराचं विचारलं. काय खाता, काय पिता, किती झोपता. पाण्याचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "सकाळपासून दुपारपर्यंत एक घोटही नाही? उन्हात?"

"उतरता येत नाही हो," दाजी ओशाळून म्हणाले.

आधी झोपवून आणि मग उभं करून बाईंनी त्यांचा रक्तदाब मोजला. उभं राहिल्यावर तो खाली आला आणि नाडी पळायला लागली. छातीला तारा चिकटवून ईसीजी काढला. बोटातून रक्त घेतलं, दंडातूनही घेतलं, रक्त कमी आहे का आणि थायरॉईड वाढलंय का ते बघायला. ईसीजी चांगला होता.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "आडवं पडल्यावर धडधड जाणवणं फार लोकांना होतं. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जवळ येतं, कान उशीवर असतो, खोलीत आवाज नसतो. दिवसाही ते चालूच असतं, पण तुमचं लक्ष नसतं. त्यात तुमच्या अंगात पाणी नाही, म्हणून हृदय जास्त पळतं. संध्याकाळचा कडक चहा त्याला आणखी पळवतो. ती नाकाची गोळीसुद्धा. झोप नाही, मनात काळजी. मधेच चुकलेला ठोका म्हणजे बहुतेक वेळा एखादा ठोका लवकर पडतो, आणि पुढचा जोरात लागतो. त्याने घाबरायचं कारण नसतं."

ताईने सुटकेचा असा श्वास सोडला की बाहेरच्या बाकावरच्या माणसाने मान वळवली. दाजींचा गुडघा थांबला. टोपी उचलून ते उठायलाच निघाले. मलाही हसू आलं. एवढ्या रात्री जागवून काय निघालं, तर तहान आणि चहा!

"बसा," बाई म्हणाल्या. "अजून विचारायचंय. छातीत दुखतं का? धाप लागते? कष्ट करताना धडधड सुरू होते? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"नाही. नाही. नाही. कुणी नाही."

"चक्कर? डोळ्यांपुढे अंधारी? शुद्ध हरपली कधी?"

"नाही."

हे 'नाही' जरा लवकर आलं. मला राहवलं नाही.

"शिडीवर थांबला होतात ते?"

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी जन्मभर विसरणार नाही. ताईचा हात तोंडावर गेला. मी बाईंना सांगून टाकलं की परवा उतरताना ते शिडीला मिठी मारून डोळे मिटून उभे होते, आणि मी हाक मारली तरी उत्तर नव्हतं. सांगताना मला फितूर झाल्यासारखं वाटलं, पण थांबलो नाही.

बाई रागावल्या नाहीत. "दिवसभर पाणी नाही, बसून एकदम उठलात, उतरायला लागलात. दाब उतरला असेल. त्याचा अर्थ लागतो." मग त्या थोड्या पुढे झुकल्या. "पण मला एवढंच सांगा. बसल्या बसल्या असं कधी झालंय?"

दाजी टोपीची कड बोटांनी चाचपत राहिले. आता हे पुन्हा 'नाही' म्हणतील आणि आपण घरी जाऊ, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, म्हणावं असंच वाटलं.

"एकदा," ते म्हणाले. "केबिनमध्ये."

"वाजवून दाखवा."

त्यांनी बोट टेबलावर ठेवलं. पहिले ठोके संथ होते. मग मधेच, कुणी बटण दाबावं तसं, बोट फडफडायला लागलं, इतकं जलद की ठोके मोजता येईनात. मग बोट थांबलं.

"इथे काय झालं?"

"इथलं मला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा मान खाली होती. हात लिव्हरवरून सुटला होता. हात सुटला की क्रेन आपोआप थांबते, ब्रेक लागतो. म्हणून ओझं लटकत राहिलं, पडलं नाही."

बाईंनी ईसीजीचा कागद पुन्हा समोर ओढला. "हा फक्त आत्ताचा आहे. ते फडफडणं त्या वेळी पकडावं लागेल. रात्रीची धडधड वेगळी आणि हे वेगळं. एकदम सुरू होणारं, शुद्ध घालवणारं दुखणं शोधायलाच हवं. अंगावर यंत्र लावून काही दिवस घरी राहायचं. हृदयाची सोनोग्राफी करायची, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं. कदाचित साध्या उपचारात बरं होईल, ते आज सांगता येत नाही. तोवर उंचावर जायचं नाही, गाडीही चालवायची नाही. पुन्हा असं झालं, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर कुणाला न विचारता सरळ मोठ्या दवाखान्यात."

बाहेर आल्यावर दाजींनी स्वतःच मुकादमाला फोन लावला. "उद्यापासून मी वर चढणार नाही. दुसरा माणूस बघा," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ताई औषधाच्या खिडकीशी गेली होती. आम्ही दोघेच पायरीवर उरलो. ते आता माझ्यावर तुटून पडणार, अशी मी तयारी केली होती.

"सळयांचा गठ्ठा होता," ते म्हणाले. "तू खाली दोरी धरून उभा होतास. मला जाग आली तेव्हा तू वॉकीटॉकीवर ओरडत होतास, 'झोपलात की काय, दाजी!'"

मला तो दिवस आठवला. गठ्ठा डोक्यावर लटकलेला आणि मी त्यांची टर उडवत होतो.

"तेव्हापासून आडवं पडलं ना," दाजी म्हणाले, "की तूच दिसतोस. वरून."