पहिली ओळ बोटांची

पाटोद्यात बसस्टँडच्या मागं माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, सगळं मीच मांडतो. कागदावर काय मोठं घ्यायचं आणि काय बारीक, हे मला कुणी शिकवू नये अशी माझी गुर्मी होती. ती एका बाईनं उतरवली.

भांड्यांच्या दुकानदारानं तिला दोरी ओढून चिरायचे चॉपर विकायला दिले होते. तीन आठवडी बाजार बघायचे. माल उठला तर हे काम कायमचं तिचं. नाही उठला तर दसऱ्यानंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायचं, आणि दहावीतल्या पोरीलाही न्यायचं, कारण मागं तिला बघायला कुणी नव्हतं. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. डावा हात तेवढा पदराखालून काढला नाही. मला वाटलं, लाजाळू बाई आहे.

तिला वाटायला पत्रक हवं होतं. मी खोक्यावरचा मजकूर उचलला आणि सगळ्यात वर ठळक टाकलं: ‘एक यंत्र, सहा कामं’. आकडा दिसला की तो वर चढवायचा, ही माझी जुनी खोड. खाली नंबर लावले. पातं काढून रवी बसवली की दही फेटता येतं, शेंगदाण्याचं जाडसर कूट होतं, उरलेलं त्याच भांड्यात झाकण लावून ठेवता येतं, लसूण, कोथिंबीर. कांदा-मिरची सहाव्या नंबरला. ती पत्रक घेऊन गेली, आणि पहिल्या बाजारात दोनच चॉपर विकले गेले.

दुसऱ्या बाजारी मी भाजी आणायला गेलो आणि तिच्यासमोर थांबलो. ती माझं पत्रक पाठ केल्यासारखं म्हणत होती. आधी दही फेटून दाखवलं. मग रवी काढून, भांडं पुसून, पातं बसवून शेंगदाणे. प्रत्येक नंबरागणिक दोन बाया पिशव्या उचलून पुढं सरकत होत्या. कांद्याची पाळी आली तेव्हा समोर एक म्हातारी आणि मी, एवढेच उरलो होतो. मला माझीच चीड आली. अरे, घरात रोज कांदा चिरतात का दही फेटत बसतात?

म्हातारीचं लक्ष यंत्राकडं नव्हतंच. बाईचा पदर घसरला होता, आणि डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. काय झालं गं, असं तिनं सरळच विचारलं.

बाईनं पदर सावरला. मग म्हणाली, “डाव्या हातात ऊस, उजव्यात कोयता. एकदा चुकलं, मावशे.”

आणि तिनं तो हात लपवायचा सोडला. कांद्याच्या फोडी आत टाकल्या, झाकण बसवलं, उरलेल्या बोटांनी ते दाबून धरलं आणि उजव्या हातानं दोरी ओढली. चार-पाच ओढींत जाडसर, आणखी ओढल्यावर बारीक. पातं आत, हात बाहेर. म्हातारी पक्की होती. तिनं हटकलंच, की फोडी कराया विळी लागतीच की. बाई म्हणाली, लागती, पण फोडी करताना बोटं लांब असतात. बारीक करतानाच ती पात्याखाली येतात. म्हातारीनं चॉपर घेतला. शेजारच्या कोथिंबीरवालीनं पण घेतला.

त्याच दुपारी ती बाजार आवरून दुकानात आली आणि मी पत्रक मोडलं. पहिली ओळ: ‘बारीक चिरताना बोटं पात्यापासून लांब’. मग कांदा, मिरची, लसूण, कोथिंबीर. मग कूट. दही आणि झाकण शेवटी. मला वाटलं, तिची हकीकत पण टाकावी, लोक हळहळतील. तिनं नकाराची मान हलवली.

“हाताचं लिवा, दादा. माज्या हाताचं नगं.”

तिनं वर अजून एक ओळ मागितली: धुताना पातं जपून धरा, लई धार हाय. मी म्हणालो, गिऱ्हाईक बिचकेल, तळाला बारीक घेऊ. ती ऐकेना. पहिल्या ओळीच्या खालीच पाहिजे, म्हणाली. बोटं वाचतील म्हणून घेतलं आणि धुताना कापलं, तर त्या गिऱ्हाइकाला मी कुठलं तोंड दाखवू, असं तिचं म्हणणं. मी निमूटपणे ती ओळ वर घेतली.

तिसऱ्या बाजारात तिनं कांद्यानं सुरुवात केली, दोन्ही हात उघडे ठेवून. मी लांबूनच बघत होतो. ही मांडणीही चुकली तर, या भीतीनं जवळ गेलो नाही.

दसरा गेला. ऊसतोडीच्या गाड्या बायाबापडे, पोरंसोरं, भांडीकुंडी घेऊन निघून गेल्या. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दुकानात आली. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. कागद पुढं करत म्हणाली, आईनं आणखी पत्रकं मागितलीत, आणि वरच्या दोन ओळी बदलू नका म्हणाली.

मी तिचा फॉर्म आधी घेतला.