बोर्डाच्या आधी जोडलेला मीटर

पाच महिने माझ्या रोजच्या यादीत "दुकान उघडणे" हे काम होतं. रात्री ते खोडायचं नाही आणि सकाळी नव्या पानावर पहिल्या ओळीत उतरवायचं. बाकीची कामं होत होती. दाखले काढले, बँकेतलं नाव बदललं, गॅसची जोडणी माझ्या नावावर केली, दर एक तारखेला मिस्टरांच्या स्कूटरची बॅटरी बाहेर काढून अर्धी चार्ज केली. दुकान घरापासून चालत दहा मिनिटांवर, धुळ्यातच. तरी ती ओळ सरकत राहिली.

मिस्टर दिवाळीनंतर गेले. दुकानात काम करताकरताच छातीत दुखलं. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने त्यांना दवाखान्यात नेलं आणि त्यानेच शटर ओढून किल्ली घरी आणून दिली. ते लिथियम बॅटऱ्यांचे पॅक बांधायचे आणि दुरुस्त करायचे. स्कूटर, फवारणीचे पंप, अपंगांच्या तीनचाकी, सगळ्यांचे. मी नोंदवही सांभाळायची आणि गरज पडली तर मीटर धरायची. वीस वर्षांत काम बघून बघून आलं होतं.

चैत्रात अक्काचा फोन आला. ही शिंदखेड्याकडची गिऱ्हाईक. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले. बॅटरीच्या तीनचाकीवर बांगड्यांची पेटी बांधून बाजारोबाजारी फिरते. एक सुटलेली वायर जोडायला तिने पॅक पाठवला होता, मिस्टर जायच्या दोन दिवस आधी.

"बाई, मी फोन करनार नव्हती," ती म्हणाली. "तुना घरमा असं व्हयेल, कोन तोंडघाई मांगू? पन आखाजी आठ दिनवर उनी. मनी बॅटरी जित्ती शे का?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, हातभर बांगड्या भरतात. वर्षभरात अक्काचा खरा धंदा तेवढाच. आणि पाच महिने ती घरात बसून होती. का, तर दुःखातल्या घरी आपली वस्तू मागू नये म्हणून.

"जिवंत आहे का ते उद्या बघून सांगते," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी शटर वर केलं.

आत काही वाटेल असं धरून गेले होते. काही वाटलं नाही. धूळ पुसली, खिडकी उघडली, मीटर घेतला आणि मांडणीवरचे पॅक एकेक मोजायला लागले. एकूण चौदा. अठ्ठेचाळीस व्होल्टचे बहुतेक पॅक एकोणचाळीस-चाळीसच्या आसपास होते. खाली आलेले, पण वाचलेले. सगळ्यांत शेवटी अक्काचा. मीटरने सहा पूर्णांक आठ दाखवलं. मला वाटलं टोक नीट टेकलं नाही. पुन्हा मोजलं. सहा पूर्णांक आठ.

कारण शोधायला वेळ लागला नाही, ते माझ्यासमोरच झालं होतं. प्रत्येक पॅकवर एक संरक्षक बोर्ड असतो. सेलच्या तेरा गटांपैकी एकही गट दोन पूर्णांक आठ व्होल्टच्या खाली गेला की तो बाहेर जाणारा प्रवाह तोडतो. मोटर थांबते, सगळे दिवे जातात. गिऱ्हाइकाला वाटतं बॅटरी मेली. अक्का तर एकदा भर रस्त्यात रडत बसली होती. किती उरलंय ते कळत नव्हतं आणि एकदम सगळं काळं झालं. तेव्हा मिस्टरांनी तिच्या हँडलवर आकड्यांचा छोटा मीटर बसवला आणि त्याची वायर बोर्डाच्या आधी, थेट सेलवर जोडली. "मोटर बंद पडली तरी आकडा दिसत राहील, बाई घाबरणार नाही," असं म्हणाले होते. हीच वायर सुटली म्हणून तिने मीटरसकट पॅक पाठवला होता. ती त्यांनी जोडली होती, जाऊन तपासायची तेवढी राहिली होती.

मी वहीत हिशेब मांडला. मीटर खातो बारा मिलिअँपिअर. दिवसाला पावणेतीनशेच्या वर. पॅकमध्ये वीस हजार. पूर्ण भरलेला असता तरी सत्तर दिवसांत रिकामा, आणि तो आला होता अर्धाच. रोज रात्री चार्जिंगला लागणाऱ्या पॅकला ही गळती कळतही नाही. बंद दुकानात कळते. बोर्डाने वेळेवर आपलं काम केलं होतं, पण मीटर त्याच्या आधी बसलेला होता. आकडा माझ्या कुलपामागे एकटाच जळत राहिला आणि शेवटी विझला.

गट वेगवेगळे मोजले. बारा गट अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या आसपास. नवव्या गटापुढे उणे चिन्ह. बाकीच्यांनी ओढून ओढून त्याला उलटा केला होता.

रविवारी दीर जळगावहून एसटीने आला. तिकडे रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. आल्या आल्या पॅक हातात घेतला.

"वहिनी, एवढंच? याला उठवू."

"उणे दाखवतोय नववा."

"उणेचा अधिक करायला किती वेळ? बोर्ड बाजूला ठेवून एकेक गट हळूहळू थेट चार्ज करायचा. असे किती मेलेले मी उठ..." तो थांबला. मान खाली घालून वायर सोलायला लागला.

"बोल की," मी म्हटलं. "मला काही होत नाही."

खरंच होत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तेराही गट तीन पूर्णांक सातवर आले. नववासुद्धा. दीर खूश. "घ्या. अक्काला फोन लावा. तिची आखाजी झाली, आपली पुरणपोळी पक्की."

"तीन दिवस ठेवायचा."

"आखाजीला पाच राहिलेत!"

"म्हणूनच तीन. दोन उरतात."

"दादा म्हणायचा ते खरंय. तुमच्या यादीपुढे कलेक्टरची चालणार नाही."

मीटरची वायर कापून टाकली, म्हणजे आता पॅकमधून बाहेर काहीच जात नव्हतं. मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात वाळू घातली, त्यात पॅक ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ आकडे लिहीत गेले. दीर राहिला. जाऊ शकला असता, राहिला.

पहिल्या दिवशी सगळे जवळपास सारखे. दुसऱ्या दिवशी चौथा थोडा उतरला. तिसऱ्या दिवशी चौथा तीन पूर्णांक एक आणि नववा दोन पूर्णांक दोन. नवव्यावर हात ठेवला तर कोमट लागला. डबा सावलीत होता, शेजारचे गट गार होते.

दीर उकिडवा बसला आणि त्यानेही नवव्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "तांबं."

मिस्टरांनी मला हे एकदा चहा पिताना समजावलं होतं. सेलमध्ये तांब्याचा पातळ पत्रा असतो आणि त्यावर कोळशासारख्या काळ्या ग्रॅफाइटचा थर. वापरताना लिथियम त्या थरातून निघून जातं. थोडं शिल्लक आहे तोवर पत्रा सुरक्षित असतो. सेल अगदीच निचरला की त्या बाजूचा विजेचा दाब इतका चढतो की तांबंच विरघळून आतल्या द्रवात उतरतं. पुन्हा चार्ज केलं की ते परत धातू होतं, पण जागेवर जात नाही. कुठेही बसतं, काटे धरतं, मधल्या पापुद्र्यात शिरतं. दोन बाजू आतल्या आत हळूच जोडल्या जातात. बाहेरून आकडा छान दिसतो आणि आत सेल स्वतःलाच खात असतो. कधी नुसता उतरतो, कधी तापतो, कधी पेट घेतो. बोर्ड दोन पूर्णांक आठलाच तोडतो, ही त्याची घाई नाही. तिथे तांब्याला काहीच होत नसतं. धोका बराच खाली आहे. मधलं अंतर माणसाला घरी पोचून चार्जर लावायला दिलेलं असतं, कारण तोडल्यावरही बोर्ड स्वतः थेंबथेंब पीत राहतो आणि सेल आपोआपही उतरत असतात.

"नववा आणि चौथा काढून दुसरे घालू," दीर म्हणाला.

"बाकीचे अकरा पण तिथेच जाऊन आलेत. आज दिसत नाही एवढंच."

"दोन-चार महिने सहज चालेल, वहिनी."

"ती चार्जिंग कुठे करते माहितीये? खाटेखाली. उठून पळता येत नाही तिला."

त्याने हातातली पक्कड खाली ठेवली.

जळगावहून नवे सेल मागवून, जोडून, तपासून होईपर्यंत आखाजी उलटून गेली असती. मी घरी गेले. जिन्याखालच्या स्कूटरवरचं कापड काढलं आणि सीटखालचा पॅक ओढून बाहेर घेतला. तेच सेल, तसेच तेरा गट, मिस्टरांनी स्वतःसाठी बांधलेला. एक तारखेला अर्धा भरला होता. दुकानात आणून मोजला. तेराही गट एकसारखे, शेवटच्या आकड्यापर्यंत.

पाच महिने तो मी का जपला ते सांगता येत नाही. यादीत होता म्हणून. दुकानही यादीत होतं. तिथे मात्र गेले नाही.

दीर पॅककडे बघत राहिला. "हा दादाचा ना? मग स्कूटर?"

"स्कूटर कोण चालवतंय?"

त्याने तोंड फिरवून खोका मोजला. अक्काच्या सीटखाली दोन बोटं जागा उरत होती, तिथे फोम भरला. मीटर मी बसवला, वायर बोर्डानंतर जोडून. आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही जीपने पॅक घेऊन गेलो. अक्का ओट्यावर वाट बघत बसली होती, पेटी पुसून तयार.

"जित्ती शे?"

"तुमची मेली, अक्का. माझ्या कुलपात मेली. ही दुसरी."

"कोनी?"

"ह्यांच्या स्कूटरची."

तिने पेटी बाजूला सारली. पॅकवर हात ठेवला, देवाच्या पाटावर ठेवावा तसा, आणि लगेच काढला.

मी तिला मीटरचं सांगितलं. "आता गाडी थांबली की आकडाही जाईल. सगळं काळं होईल. घाबरायचं नाही. बॅटरी मेलेली नसते, मरू नये म्हणून बंद झालेली असते. ढकलत घरी आणायची आणि त्याच रात्री चार्जिंगला लावायची. तशीच ठेवायची नाही."

"आनि मी घाबरनू तं?"

"तर मला फोन करायचा."

जुना पॅक दीर वाळूच्या डब्यासकट जळगावला घेऊन गेला. तिकडे असे सेल मोडीत घेणारे आहेत. वहीत मी अक्काच्या नावापुढे लिहिलं, "पॅक बाद. कारण: मीटरची जोडणी आणि बंद दुकान." आधी फक्त मीटर लिहिलं होतं. दुकान नंतर लिहिलं.

आखाजीच्या दिवशी दुपारी फोन वाजला. मागे बायकांचा गलका, झोक्यावरची गाणी.

"बाई, काळं व्हयनं! दोन गावं फिरनू, बठ्ठ्या बांगड्या खपन्यात, आनि घरजोडे येताच आकडा गया."

"घर किती लांब?"

"हाई काय, समोर दिखस. पोरी ढकली रायन्यात, हासी रायन्यात मले." मग आवाज खाली आला. "मरी नही ना?"

"नाही," मी म्हटलं. "जिवंत आहे. चार्जर लावा."

फोन ठेवला. रात्रीची यादी दुकानातच करायला घेतली. एक तारखेच्या कामांत "स्कूटर, बॅटरी अर्धी चार्ज" अशी ओळ होती. ती खोडली. "दुकान उघडणे" ही ओळ त्या पानावर नव्हती. शटर सकाळपासून वरच होतं.