पोचलेल्या तीन काठ्या

माझ्या या मित्राला आम्ही शाळेपासून मोजपट्टी म्हणत आलो. तसा तो कातारी. लेथवर लाकूड फिरवून त्यातून काय वाटेल ते काढणारा. चौथीत असताना मास्तरांनी त्याला सांगितलं, "जा, एक चांगली छडी घेऊन ये." पठ्ठ्या घेऊन आला ती मास्तरांच्या मनगटापर्यंत बरोब्बर येणारी, वर मूठ असलेली टेकायची काठी! म्हणाला, "गुरुजी, तुम्ही लंगडता ना, म्हणून." मास्तर आधी लाल झाले, मग खुर्चीत बसून खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्या वर्षी आमच्या वर्गात कुणालाच मार बसला नाही.

पुढे सगळं आयुष्य त्याने काठ्याच केल्या. त्याचं एक म्हणणं होतं, तयार लांबीची काठी विकणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा विकणं. काठी बोटभर जास्त लांब ठेवून तो स्वतः गिऱ्हाइकाच्या दारात जायचा, त्याला पायात रोजची चप्पल घालून उभं करायचा, मनगटाशी खूण करायचा, तिथेच करवतीने कापायचा, खाली रबर बसवायचा आणि म्हणायचा, "आता चालून दाखवा." समोरचा चालून परत येईपर्यंत हा उंबऱ्याशी उभा.

माझी नात संगणकातली. तिने आणि तिच्या मैत्रिणीने एक बाजार बांधायला घेतला, पडद्यावरचा. तीस-चाळीस विक्रेते, प्रत्येकाचं आपलं पान, आपापल्या मालाचे फोटो आणि भाव. गिऱ्हाइकाचे पैसे आधी बाजाराकडे येऊन थांबणार. माल पोचला की परत करायला सात दिवस. ते सरले की कमिशन कापून उरलेले पैसे दर मंगळवारी विक्रेत्याच्या खात्यात. लाकडी वस्तूंना शेकडा बारा, कापडाला पंधरा. भिंतीवर रंगीत कागद चिकटवून ती मला हे समजावत होती आणि मी मध्येमध्ये किस्से घुसडत होतो.

"आजोबा, किस्सा नंतर. माल पोचला हे बाजाराला कळणार कसं?"

"अगं, कुरियरवाला सांगेल की!" मी म्हणालो, आणि गोष्ट पुढे चालू केली.

तिने तसंच लिहिलं. कुरियरने पोचल्याची नोंद केली की पोचला. विक्रेत्याने "पाठवलं" दाबून चौदा दिवसांत नोंद आली नाही, तर माल पोचलाच नाही असं धरून गिऱ्हाइकाचे पैसे आपोआप परत. बँकेकडून पैसे फिरवायचा जो खर्च येतो तो विक्रेत्याच्या नावावर. असं तीनदा झालं की दुकान बंद. नियम चांगलाच होता. लबाडांना बांध घालणारा. मोजपट्टीला या बाजारात आणला तोही मीच. त्याच्या सुनेने फोनवर पान उघडून दिलं, काठ्यांचे फोटो टाकले, भाव लावला आठशे.

पहिल्याच महिन्यात तीन काठ्या गेल्या, तिन्ही आमच्याच शहरात. सून "पाठवलं" दाबायची. कुरियरचा क्रमांक टाकायची जागा रिकामी सोडली तरी चालत होती, तीही माझ्या नातीनेच तशी ठेवलेली. मोजपट्टी करवत पिशवीत घालून निघायचा. मला येऊन सांगायचा, "तिसऱ्या बाई व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, दोन वर्षांनी टोक बघितलं." केवढा खुलला होता!

मग एका दुपारी जेवता जेवता सुनेच्या फोनवर पत्र आलं. तिने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, नेहमीसारखं. "तीन वेळा माल न पोचवल्यामुळे आपलं दुकान बंद करण्यात येत आहे. बँकेच्या खर्चापोटी आपल्याकडून येणं: अठ्ठेचाळीस रुपये." नातवंडं बघत होती. मोजपट्टी ताटातच हात धुऊन उठला. मला कळलं तेव्हा मी त्याच्याकडे पळत गेलो.

"अरे, यंत्राची चूक आहे. नातीला सांगतो, मिटवून टाकू."

"मिटवायचं नाही," तो म्हणाला. "पोचल्याचं आणतो."

दुसऱ्या दिवशी एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहून तो सह्या घ्यायला निघाला. पहिल्या घरचे निवृत्त चालक तर चिडलेच. "मला वाटलं, कसली तरी सवलत मिळाली!" म्हणत त्यांनी सही केली आणि परत आलेले आठशे त्याच्या हातात ठेवले. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी बाई नव्हत्या. आठ दिवसांपूर्वीच वारल्या होत्या. दारात त्यांचा मुलगा, डोळे तारवटलेले, मागे सामानाची खोकी.

"काठी? मला काही माहीत नाही. आईच्या खात्यात तुमचे पैसे परत आलेत. म्हणजे आली नसणारच."

"मी इथेच कापली. हे बघा, इथे भुसा पडला होता."

"काका, बाजारच म्हणतोय आली नाही. मी कशावर सही करू?"

ती ओळ कोरीच राहिली.

नातीला मी सगळं सांगितलं. चार दिवस मैत्रिणीबरोबर बसून तिने नियम बदलला. आता विक्रेता स्वतः पोचवणार असेल तर गिऱ्हाइकाकडे चार आकडी क्रमांक जातो. माल हातात आल्यावर गिऱ्हाईक तो क्रमांक सांगतं, विक्रेता टाइप करतो, नोंद होते. आणि गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय पैसे परत जात नाहीत. मग तिने त्याला घरी बोलावलं. तो आला, कागद टेबलावर ठेवला आणि खिशातून मोजून दोनशे चाळीस काढले.

"हे कसले, आजोबा?"

"दोन काठ्यांचं तुझं कमिशन, शहाण्णव आणि शहाण्णव. आणि ते अठ्ठेचाळीस."

"अहो, ते आम्ही काढून टाकलंय! चूक आमची होती. दुकान उघडलंय, बघा. तिन्हींपुढे 'पोचलं' लिहिलंय."

त्याने चष्मा लावून पडदा नीट वाचला.

"तिसरी पोचलेली तू पाहिलीस?"

"नाही. पण तुमच्यावर माझा विश्वास आहे."

"पोरी, विश्वासाने लांबी मोजत नाहीत. मला देताना ज्यांनी पाहिलं त्या नाहीत. त्यांच्या मुलाने तुझा पडदा बघून मला नाही म्हटलं. आता तोच पडदा माझ्यासाठी हो म्हणणार? खोडून टाक."

"पण मग तुमच्या नावावर एक कायमची…"

"राहू दे. खोडतेस ना?"

तिने खोडलं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. तो निघाल्यावर दारापर्यंत गेलो आणि सांगितलं, "कुरियरवाला सांगेल, हे तिला मीच म्हणालो होतो. तू काठ्या हाताने देतोस हे मला ठाऊक असताना."

"असेल," तो म्हणाला. "तू नेहमीच घाईत गोष्ट सांगतोस." आणि हलकेच हसला. ते हसणं रागाचं असतं तर बरं झालं असतं.

त्याने दुकान बंद करायला सांगितलं नाही, पण नवीन काठीही केली नाही. लेथवर सुनेने कपड्यांची टोपली ठेवली. नातीने त्या मुलाला दोनदा पत्र लिहिलं, आमची चूक झाली म्हणून. घर विकून तो कुठे गेला, कळलं नाही.

परवा आम्ही दोघं न्हाव्याकडे बसलो होतो. एक म्हातारे गृहस्थ त्याला ओळखून म्हणाले, "अहो, मला एक काठी करून द्या ना."

"दुकानात तयार मिळते," मोजपट्टी म्हणाला.

"पण माझ्या उंचीची?"

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. पायापासून मनगटापर्यंत, सवयीने. मग मान खाली घालून वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"जवळपास असते," तो म्हणाला.